फेसबुकची ‘आठवण’ बंद करूनही दरवर्षी परत येते: वहिनींच्या फोनवर सापडलेली कारणं

आमचा दादा १४ मे २०२१ ला गेला. त्या दिवशी अक्षय तृतीया होती. कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, त्यामुळं माणसं जोडलेली भरपूर आणि फेसबुकवर वावरही दांडगा. तेव्हापासून उन्हाळा लागला की वहिनींचा फोन त्यांना दचकवतो. सकाळी चहा ठेवायला उठायचं, वेळ बघायला फोन हातात घ्यायचा, तर वर रंगीत चौकटीत दादाचा फोटो आणि “इतक्या वर्षांपूर्वी आजच्या दिवशी”.

२०२३ मध्ये पुतण्यानं त्यांना ‘बंद करून’ दिलं. २०२४ ला परत आलं. त्यानं परत बंद केलं. २०२५ मध्ये २२ एप्रिलला आलं, ३ मेला आलं, ९ ला आलं, १० ला आलं. वहिनींनी मला फोन केला. “भाऊजी, हे पोरगं म्हणतंय बंद केलंय. मग येतंय कुठनं?”

पुतण्यानं खरंच बंद केलं होतं. पण त्यानं जे बंद केलं ती फक्त सूचना होती, आणि एकच तारीख. एका रविवारी दुपारी मी फोन घेऊन बसलो. जे जे सापडलं ते इथं लिहितोय, कारण हा घोळ बऱ्याच घरांत असणार.

आधी वहिनींना काय हवंय ते विचारून घेतलं. त्यांचं उत्तर ऐकल्यावर निम्मं काम सोपं झालं. “फोटो पुसू नका. मला बघायचं असतं तेव्हा मी बघते. त्यानं आपणहून पुढं आणू नये एवढंच.” म्हणजे डिलीट करायचं नाही, लपवायचं. हा फरक आधीच ठरवा. लोक वैतागून पोस्ट पुसतात आणि सहा महिन्यांनी तोच फोटो शोधत बसतात. फेसबुकवर पोस्ट ट्रॅशमध्ये टाकली की ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते.

आठवण येतेय कुठून

वहिनींच्या लेखी सगळं ‘फेसबुकवर येतं’. प्रत्यक्षात दोन ॲप होती, फेसबुक आणि गूगल फोटोज. ओळखायची युक्ती सोपी आहे. अँड्रॉइडवर आलेली सूचना सरकवून घालवू नका, तिच्यावर बोट दाबून धरा. ती कोणत्या ॲपची आहे आणि त्या ॲपमधल्या कोणत्या प्रकारची, ते तिथंच दिसतं. व्हॉट्सॲपमध्ये असं ‘आजच्या दिवशी’ काही नसतं. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो गॅलरीत साठतात आणि तिथून गूगल फोटोजमध्ये जातात, म्हणून फोटो व्हॉट्सॲपचा आणि आठवण गूगल फोटोजची असा प्रकार होतो. त्याबद्दल पुढं सांगतो, कारण सगळ्यात चिवट फोटो तिथलाच निघाला.

पुतण्याला फक्त फेसबुक माहीत होतं. त्यामुळं त्यानं फेसबुकमध्ये काहीही केलं तरी अर्धं दुखणं शिल्लक राहणारच होतं.

फेसबुक: सूचना वेगळी, आठवण वेगळी

फेसबुकनं ‘ऑन धिस डे’ २०१५ मध्ये आणलं आणि २०१८ मध्ये त्याचं मेमरीज नावाचं वेगळं पान केलं. ॲपमधला मेनू वरचेवर जागा बदलतो, त्यामुळं मी कुणालाही सरळ ब्राउझरमध्ये हे टाइप करायला सांगतो:

```
facebook.com/memories
```

पान उघडलं की सेटिंग्ज दिसतात, मोबाइलवर ती दातेरी चाकाच्या खुणेमागं असतात. आत तीन गोष्टी आहेत: Notifications, Hide People आणि Hide Dates.

Notifications मध्ये All Memories, Highlights आणि None असे पर्याय आहेत. पुतण्यानं None केलं होतं. पण None चा अर्थ एवढाच, की ‘तुमची आठवण आहे’ असं फेसबुक सांगायला येणार नाही. आठवण तयार व्हायची ती होतेच, त्या पानावर असतेच, आणि फेसबुक उघडल्यावर फीडमध्ये तिची चौकट दिसू शकते. दारावरची बेल काढली म्हणून पाहुणा यायचा थांबत नाही, तसं. वहिनींना रोज सकाळी फेसबुक उघडून भिशीच्या बायकांचं काय चाललंय ते बघायची सवय, त्यामुळं त्यांना चौकट दिसायचीच.

इथं बरेच जण ‘सगळंच बंद’ असं एक बटण शोधतात. फेसबुकवर तसं बटण नाही. आठवण खरी अडवायची तर Hide People आणि Hide Dates या दोनच वाटा आहेत, आणि दोन्हींना मर्यादा आहेत.

तारीख लपवली, तरी का आलं

पुतण्यानं Hide Dates मध्ये १४ मे २०२१ एवढी एकच तारीख घातली होती. त्याचा हिशोब असा, की बाबा त्या दिवशी गेले, तो दिवस लपवला की संपलं. चूक इथं आहे. Hide Dates मध्ये आपण वर्षासकट काळ देतो, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. त्या काळात लिहिलेल्या पोस्ट लपतात. ‘दरवर्षी १४ मे आला की गप्प बस’ असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि आपल्याकडं गेलेल्या माणसाबद्दल लिहिलं जातं ते एकाच दिवशी थोडंच? मी वहिनींच्या प्रोफाइलवर Activity Log उघडला आणि तारखा वहीत उतरवून काढल्या. ९ मे २०२१ ला त्यांची स्वतःची पोस्ट होती, बेड आणि प्लाझ्मा मिळेल का म्हणून, तेव्हा निम्म्या गावाची तीच पोस्ट होती. १४ मे २०२१ ला पुतण्याची पोस्ट, त्यात वहिनींना टॅग. मग ३ मे २०२२.

या ३ मेपाशी मी अडलो. हे काय म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, “वर्षश्राद्ध की ओ. तिथीनं.”

तेव्हा उजेड पडला. घरात तिथी पाळतात आणि फोन इंग्रजी तारीख पाळतो. अक्षय तृतीया २०२२ ला ३ मे, २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला १० मे आणि २०२५ ला ३० एप्रिल. दर तिथीला वहिनींनी दादाचा फोटो टाकून दोन ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक वेळी ती नवी पोस्ट, नव्या तारखेची, आणि पुढच्या वर्षापासून त्या तारखेची आठवण. शिवाय १४ मे २०२२ ला फेसबुकनं पुतण्याची जुनी पोस्ट आठवण म्हणून पुढं आणली, ती त्यांनी तशीच शेअर केली होती. शेअर केलेली आठवण ही स्वतःच एक पोस्ट असते. मूळ पोस्ट २०२१ च्या खात्यात, शेअर केलेली २०२२ च्या खात्यात. एक लपवल्यानं दुसरी लपत नाही. मूळ पोस्ट पुसली तर शेअर केलेलीच्या जागी ‘मजकूर उपलब्ध नाही’ अशी रिकामी चौकट उरते, तेही बघायला बरं वाटत नाही.

म्हणजे एका माणसाच्या जाण्याच्या आता वर्षाला सहा तारखा झाल्या होत्या: २२ एप्रिल, ३० एप्रिल, ३ मे, ९ मे, १० मे, १४ मे. यातली एक लपवली होती. आणि तिथी दरवर्षी सरकत असल्यानं यादी वाढतच जाणार होती. चार दिवस जातात तोवर परत तोच चेहरा, असं वहिनी म्हणत होत्या ते शब्दशः खरं होतं.

मी काय केलं

Hide Dates मध्ये एकेक तारीख न घालता काळ घातले. १ मे २०२१ ते ३१ मे २०२१ हा सगळा महिना, कारण तेराव्यापर्यंत लोकांच्या टॅग केलेल्या पोस्ट येत होत्या. पुढच्या वर्षांचे मात्र नेमके दिवस: ३ मे २०२२, १४ मे २०२२, २२ एप्रिल २०२३, १० मे २०२४, ३० एप्रिल २०२५. एकच दिवस लपवायचा असेल तर सुरुवातीची आणि शेवटची तारीख एकच द्यायची. २०२२ चा पूर्ण मे लपवला नाही, कारण त्यात पुतणीचे फोटो होते आणि ते वहिनींना हवे होते. ज्यांना काहीच नको असेल त्यांनी खातं उघडल्यापासून आजपर्यंतचा सलग काळ घालावा. मग आजवरचं सगळं थांबतं, फक्त तो काळ अधूनमधून पुढं वाढवत राहावा लागतो.

Hide People मुद्दाम वापरलं नाही. त्यात दादाचं नाव घातलं असतं तर एका झटक्यात काम झालं असतं असं वाटतं, पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे त्याला फोटोतला चेहरा नाही, टॅग दिसतो. वहिनींच्या अर्ध्या पोस्टमध्ये दादाला टॅगच नव्हतं, घरच्या माणसाला कोण टॅग करत बसतं. प्लाझ्माच्या पोस्टमध्ये तर नुसता मजकूर होता. दुसरं, त्यानं चांगल्या आठवणीही गेल्या असत्या. ज्योतिबाच्या यात्रेतला गुलालानं माखलेला दादा वहिनींना यावा असंच वाटतं. घटस्फोट, तुटलेली मैत्री अशा ठिकाणी, जिथं तो माणूसच नको असतो आणि तो फेसबुकवर असतो, तिथं Hide People बरोबर लागू पडतं. समोरच्याला त्याची सूचना जात नाही.

उरल्या दुसऱ्यांच्या पोस्ट. तालमीतला दादाचा एक दोस्त दरवर्षी श्रद्धांजली टाकतो आणि वहिनींना टॅग करतो. त्याची पोस्ट आपल्याला पुसता येत नाही, पण टॅग काढता येतो. Activity Log मध्ये, आपल्याला टॅग केलेल्या गोष्टींचा वेगळा विभाग आहे, तिथून पोस्ट निवडून टॅग काढले. टॅग गेला की ती पोस्ट आपल्या आठवणीत येत नाही. त्या दोस्ताची पोस्ट त्याच्या भिंतीवर तशीच राहते, त्याला वाईट वाटायचं कारण नाही. तरी वहिनी म्हणाल्या, “त्यांना एकदा सांगूया.” मी सांगितलं. तो म्हणाला, “आयला, माझ्या डोक्यातच आलं नाही रे.” यंदापासून टॅग करत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तो दोस्त त्याची स्वतःची आठवण शेअर करतो, ती वहिनींच्या फीडमध्ये दिसते. ती आपली मेमरी नव्हे, त्याची आजची पोस्ट आहे. तिच्यावर वरचं कुठलंच सेटिंग चालत नाही. त्यासाठी पोस्टवरच्या तीन टिंबांतून त्या माणसाला ३० दिवस स्नूझ करायचं. एप्रिलच्या शेवटी केलं की मे निघून जातो.

आणि ‘फक्त मी’ केलेली पोस्ट आठवणीत येत नाही असा काहींचा समज आहे. येते. आठवण दिसते फक्त आपल्यालाच, आणि ती पोस्ट बघायची मुभाही आपल्याला असतेच.

गूगल फोटोज आणि महापुराचा फोटो

आता तो चिवट फोटो. ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. गणेश चतुर्थी तोंडावर आलेली, आणि कारखान्यात कंबरेएवढ्या पाण्यात दादा एक मूर्ती छातीशी धरून उभा. शेजाऱ्यानं माडीवरून काढलेला फोटो. गल्लीत सगळ्यांकडं आहे. वहिनींना तो बघवत नाही, त्या वर्षी झालेलं कर्ज फिटायच्या आतच दादा गेला.

गूगल फोटोजमध्ये वर आपल्या चित्रावर दाबून Photos settings, मग Preferences, मग Memories. इथंही माणसं लपवायची आणि तारखा लपवायची सोय आहे. Featured memories मधून आठवणींचे प्रकार बंद करता येतात. मी ऑगस्ट २०१९ लपवला. पण तो फोटो आला होता तो ऑगस्टमध्ये नाही, जानेवारीत.

फोटो उघडून वर सरकवला आणि तपशील बघितला. फाइलचं नाव IMG-2023 असं सुरू होणारं, मध्ये WA. म्हणजे २०२३ च्या जानेवारीत कुणीतरी ग्रुपवर पुन्हा फॉरवर्ड केलेला. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की कॅमेऱ्यानं आत लिहिलेली मूळ तारीख निघून जाते. गूगल फोटोजला मग तो ज्या दिवशी फोनवर उतरला तो दिवस दिसतो. पूर २०१९ चा, पण फोटो फोनच्या लेखी २०२३ चा. शोधल्यावर त्याच फोटोच्या आणखी चार प्रती चार वेगवेगळ्या तारखांना सापडल्या.

तारखेचा उपाय इथं चालत नाही. माणूस लपवायचा उपाय चालतो का ते बघितलं, कारण गूगल फोटोज टॅग नाही, चेहरा ओळखतं. त्यासाठी चेहऱ्यांचे गट करणारं सेटिंग चालू लागतं. पण दादाचेच तीन गट झाले होते, एक साधा, एक मास्कमधला आणि एक गुलालातला. तिन्हींना एकच नाव दिलं की ते एकत्र होतात, मगच लपवणं पूर्ण होतं. लपवूनही कुणाचा चेहरा येत राहिला तर हेच तपासा. वहिनींना अर्थात इथंही दादा सरसकट लपवायचा नव्हता.

म्हणून त्या पाच प्रती उचलून Locked Folder मध्ये टाकल्या. त्यात टाकलेला फोटो मुख्य यादीत, शोधात आणि आठवणीत येत नाही, फोनच्या लॉकनं उघडावा लागतो. हवा तेव्हा आहे, नको तेव्हा नाही. फक्त फोन बदलताना किंवा ॲप काढून टाकताना आधी खात्री करा की त्या फोल्डरचं बॅकअप चालू आहे. नसेल तर तो ऐवज फोनबरोबर जातो. पुढच्यासाठी व्हॉट्सॲपमध्ये फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद केलं. ग्रुपवर तो फोटो पुन्हा फिरेलच, पण साठणार नाही.

वाढदिवस

हे वेगळं दुखणं, पण त्याच रविवारी निघालं. ‘आज यांचा वाढदिवस, शुभेच्छा द्या’ असं फेसबुक दादाच्या नावानं सांगतं. त्याला मेमरीजच्या सेटिंगचा संबंध नाही. दादाचं खातं फेसबुकच्या दृष्टीनं अजून चालू आहे. ते स्मृतीखातं करून घ्यायला फेसबुकला कळवावं लागतं, मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो. मग नावापाशी Remembering येतं आणि वाढदिवसाची आठवण थांबते.

पण घाई करू नका. एकदा तसं झालं की त्या खात्यात कुणालाच आत जाता येत नाही. आणि त्या माणसानं चालवलेलं एखादं पान असेल आणि तो एकटाच ॲडमिन असेल, तर ते पानच जातं. दादाच्या कारखान्याचं पान आहे, आणि आजही मूर्तींचं बुकिंग त्यावरूनच येतं. नशीब, दादानं जिवंतपणीच पुतण्याला ॲडमिन करून ठेवलं होतं. ते बघितल्यावरच अर्ज भरला.

झालं की नाही, कळणार कसं

इथं एकच गैरसोय आहे. मेमरीजच्या पानावर त्या त्या दिवसाचं दिसतं, पुढच्या मेमधलं आज बघता येत नाही. म्हणून तारखांची वही वहिनींच्या देवघरातल्या कॅलेंडरमागं ठेवली आहे. त्या दिवशी सकाळी पुतण्या आधी आपल्याच फोनवरून, वहिनींच्या खात्यात जाऊन, त्यांचं मेमरीजचं पान उघडून बघणार, आणि काही निसटलं असेल तर ती पोस्ट कोणत्या तारखेला लिहिली ते बघून तो काळ घालणार.

२०२६ मध्ये अक्षय तृतीया १९ एप्रिलला. वहिनींना विचारलं, तेव्हा तरी फेसबुकवर लिहायचं थांबवता का. त्या म्हणाल्या, “नाही ओ, लिहिणार. लोक विचारतात.” मग ठरलं, त्यांनी सकाळी लिहायचं आणि पुतण्यानं रात्री जेवण झाल्यावर १९ एप्रिल २०२६ ही तारीख Hide Dates मध्ये घालायची.